फोटोतली भिंत

सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी वीस मिनिटांचा माहितीपट लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा संस्थेने एक फोटो हातात ठेवला आणि सांगितले, "सुरुवात याच्यावरच करा." कृष्णधवल, चौकोनी, जेमतेम सहा सेंटिमीटरचा. कंबरेएवढी दगडी भिंत आणि पाट्या पुढे सरकवणारी बायामाणसांची रांग. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत तो छापला होता. खाली ओळ होती : 'दुष्काळी कामावरील मजूर शाळा बांधताना, १९७२.'

मी सहा माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येकाला आधी फोटो दाखवला आणि मग विचारले. सहाही जणांनी तेच सांगितले : बहात्तरचा दुष्काळ, सुकडी, मिलो आणि दुष्काळी कामावरच्या मजुरांनी उभारलेली शाळा. सहा साक्षी जुळल्या म्हणून मी निर्धास्त झालो. निवेदनाचे पहिले पान लिहूनही टाकले.

फोटो पडद्यावर मोठा दिसावा म्हणून तो बाराशे डीपीआयवर स्कॅन केला. एवढ्या लहान प्रतीतून पडद्याची रुंदी भरून थोडे जवळ जाता येईल, इतका तपशील त्यातून मिळतो. जवळ गेलो, तर भिंतीमागे आधीच उभ्या असलेल्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलेले दिसले : 'इ. १० वी'.

शाळा सुरू झाली जून १९७३ मध्ये, एका मठात, फक्त आठवीच्या वर्गाने. हे जनरल रजिस्टरच्या पहिल्याच पानावर आहे. दरवर्षी एक वर्ग वाढत गेला. म्हणजे दहावी आली जून १९७५ मध्ये आणि फोटो त्याआधीचा असू शकत नाही. शिक्षण खात्याच्या तपासणीच्या शेरेबुकात डिसेंबर १९७५ ची नोंद सापडली : नव्या खोलीवर पत्रे पडले आहेत. म्हणजे कंबरेएवढी भिंत त्याआधीची. फोटो या सहा-सात महिन्यांतला. तोवर दुष्काळ सरून दोन पावसाळे होऊन गेले होते.

मग सहा साक्षींचे काय? त्या सहा नव्हत्याच, एकच होती. सगळ्यांनी स्मरणिका वाचली होती आणि मीही फोटो आधी दाखवून त्यांच्या तोंडी तीच ओळ दिली होती.

चूक कळल्यावर क्रम उलटा केला. आधी फोटोशिवाय बोलू द्यायचे, तेही "शाळा कशी बांधली?" असे न विचारता, "तुम्ही बसायचात कुठे? पाणी कुठून यायचं?" असे. फोटो शेवटी. शिवाय माणसेही बदलली. संस्थेची माजी विद्यार्थ्यांची यादी दहावीच्या निकालपत्रांवरून केलेली होती. मधेच शाळा सोडलेले कुणीच तिच्यात नव्हते. जनरल रजिस्टरमध्ये मात्र 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना असतो. मुलींच्या नावांपुढे तिथे वारंवार एकच शब्द होता : लग्न.

त्यांतल्या एक बाई शेजारच्याच गावात भेटल्या. नववीतून शाळा सुटलेली. फोटो न दाखवताच त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी समद्यांच्या आईबापाला बोलावलं. ज्वारीची पेरणी उरकली हुती. माझी आई पाट्या द्यायला आली." दुष्काळाचे विचारले तेव्हा उत्तर आले, "तवा ती पाझर तलावावर खडी फोडायची. पगारावर. हितं पगार कुठला? हितं श्रमदान."

मग फोटो पुढे ठेवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर रांगेतल्या तिसऱ्या बाईवर बोट ठेवले. आईचा दुसरा फोटो घरात नव्हता.

त्यांच्या आठवणीतली दिवाळीची सुट्टी रजिस्टर आणि शेरेबुकाने आखलेल्या मुदतीत अचूक बसत होती. म्हणून मी ती निवेदनात घेतली. पण 'त्या सांगतात' असे म्हणून. कारण कागदाने मुदत सिद्ध होते, सुट्टी नाही.

संस्थेच्या बैठकीत कुरकुर झाली. दुष्काळात उभी राहिलेली शाळा ही ओळ मोठ्या आवाजात शोभते. मी म्हणालो, मजुरीवर आलेल्यांपेक्षा, ज्यांच्या मुली नववीच्या पुढे शिकणार नव्हत्या त्या फुकट येऊन दहावीच्या वर्गाशेजारची भिंत चढवत होत्या, ही गोष्ट मोठी आहे आणि ती खरीही आहे. अखेर तेच राहिले.

चित्रपटात तो फोटो बावीस सेकंद आहे. कॅमेरा दारावरच्या खडूच्या अक्षरांवरून निघतो आणि तिसऱ्या बाईपाशी थांबतो. तिथे निवेदन नाही, फक्त मुलीचा आवाज आहे. कार्यक्रमाच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्यांचे नाव आता आहे. फोटोची मोठी प्रत त्यांच्या घरी.