मायना गेला, क्रियापद उरले

आईने थोरल्या मामेबहिणीला लिहिलेली पत्रे अलीकडे माझ्या हाती आली. प्रत्येकाच्या माथ्यावर ‘ती. स्व. ताईस शि. सा. न. वि. वि.’ आणि दुसऱ्याच ओळीत ‘तू कधी येतेस?’ आईवडील तीर्थरूप, इतर वडीलधारे तीर्थस्वरूप. आदर मायन्यातच पोचता होई, म्हणून पुढे ‘तू’ चालून जाई.

मोबाइलवरच्या निरोपाला मायना नसतो. सगळा भार क्रियापदावर येतो. माझ्या पत्नीने सुनेला सांगितले, ‘मला अगं म्हण.’ तेव्हापासून सून तिला लिहिते, ‘गोळ्या घेतल्या का?’ इथे क्रियापद गोळ्यांप्रमाणे चालते. सासू ‘तू’ की ‘तुम्ही’, हे झाकलेले राहते. ‘पोचलीस’ की ‘पोचलात’ इथे मात्र ही पळवाट नाही. मग ती लिहिते, ‘प्रवास नीट झाला ना?’ सासूला ते कळते. ती थोडी खट्टू होते.

मी तरी काय वेगळे केले? आतेबहिणीचे यजमान गेले तेव्हा तिला लिहिले, ‘काळजी घ्या.’ उत्तर आले, ‘परकं केलंस का रे मला?’

मी पुन्हा लिहिले, ‘ती. स्व. ताई, चार दिवस इकडे ये.’