व्यक्तिचित्रातील भाववर्णन

व्यक्तिचित्रातील भाववर्णन म्हणजे चित्र रंगवण्यापूर्वी किंवा छायाचित्र टिपण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची मनःस्थिती व देहबोली शब्दांत निश्चित करणे. चित्रकार हे वर्णन स्वतःसाठी टिपून ठेवतो, तर छायाचित्रकार ते बसणाऱ्या व्यक्तीला सूचनेच्या रूपाने सांगतो. वर्णन ढोबळ असल्यास चेहरा ताठर किंवा मुखवट्यासारखा दिसण्याचा संभव असतो.

ताठरपणाची कारणे

फ्रेंच वैद्य गियोम दुशेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेहऱ्याच्या स्नायूंचा अभ्यास मांडला. ओठांची टोके वर ओढणारा स्नायू माणूस इच्छेनुसार हलवू शकतो; डोळ्यांभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूचा बाहेरचा भाग मात्र अनेकांना हुकमी आकुंचित करणे तितके सोपे जात नाही. म्हणून "हसा" असे सांगितल्यावर अनेकदा ओठ हसतात आणि डोळे तसेच राहतात. हे हास्य काही क्षण धरून ठेवावे लागले की ओठांच्या कडा ताणल्या जातात व पाहणाऱ्याला विसंगती जाणवते. डोळे एका छायाचित्रावरून आणि ओठ दुसऱ्यावरून घेऊन रंगवलेल्या चित्रातही हाच दोष येतो. जवळजवळ मानवी, पण पूर्णपणे नव्हे, अशा चेहऱ्याविषयी वाटणाऱ्या अस्वस्थतेचे विवेचन जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली केले होते. ते यंत्रमानवांविषयी असले, तरी फसलेल्या व्यक्तिचित्रालाही बरेचसे लागू पडते.

भावनेऐवजी कृती

'आनंदी', 'गंभीर', 'समाधानी' ही विशेषणे चेहऱ्याला काय करायचे ते सांगत नाहीत. त्याऐवजी व्यक्ती कोणत्या कामाच्या कोणत्या क्षणी आहे, तिचे लक्ष कुठे आहे आणि शरीराचा भार कशावर आहे हे सांगितल्यास चेहरा आपोआप त्या कृतीला अनुसरतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अनेकदा ते चुकून राजा रविवर्मा यांच्या नावावर सांगितले जाते. या चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता हातात दिवा घेऊन सुमारे तीन तास उभी राहिली होती. चित्रातील तरुणीच्या एका हातात दिवा आहे आणि दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला असून प्रकाश बोटांमधून पाझरतो. ज्योत सांभाळणे हे खरे काम हातांना मिळाल्यामुळे चेहऱ्यावर वेगळा भाव 'आणावा' लागलेला नाही.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात कोशाचे कापड विणण्याची परंपरा आहे. तेथील एखाद्या वयस्क विणकराचे चित्र करावयाचे आहे असे मानल्यास "मागावर बसलेला, समाधानी चेहऱ्याचा विणकर" हे वर्णन अपुरे ठरते. असे सांगितल्यावर माणूस काम थांबवतो, दोन्ही तळहात कापडावर सपाट ठेवतो, खांदे वर घेतो व कॅमेऱ्याकडे पाहतो. उलट "धागा तुटला आहे, तो अंगठा व तर्जनीत धरून तो सांधत आहे, मान एका बाजूला कलली आहे, नजर गाठीवर आहे, ओठ अलगद मिटले आहेत, पुढे झुकल्यामुळे एक खांदा खाली आला आहे, पाय थांबले आहेत" असे लिहिल्यास प्रत्येक अवयवाला कारण मिळते. समाधान हवेच असेल, तर त्याची जागा पुढचा क्षण आहे: गाठ बसली, श्वास सुटला आणि नजर वर आली. छायाचित्रकाराने अशा वेळी तो क्षण पुन्हा अभिनित करायला सांगू नये. विणकराला काम चालू ठेवू द्यावे आणि पुढच्या तुटलेल्या धाग्याची वाट पाहावी. चित्रकाराला एवढा वेळ तीच मुद्रा मिळत नाही, म्हणून तो त्या क्षणाची झटपट रेखाटने करून ठेवतो आणि डोळे, ओठ व हात एकाच रेखाटनावरून घेतो.

पडताळणी व मर्यादा

चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकून पाहणे ही सोपी कसोटी आहे. उरलेले डोळे व भुवया झाकलेल्या ओठांहून वेगळे काही सांगत असतील, तर भाव जुळलेला नाही. हातांसाठी वस्तूचे वजन पाहावे: भरलेला पितळी गुंड धरलेल्या हाताचे मनगट व खांदा सैल दिसत असतील, तर चेहरा कितीही चांगला असला तरी चित्र खोटे वाटते.

प्रत्येक स्थिर मुद्रा मात्र दोष नव्हे. गावाकडील अनेक वृद्ध माणसे फोटोसाठी मुद्दाम ताठ बसतात, पदर किंवा टोपी सारखी करतात आणि हसत नाहीत. हा त्यांचा मान राखण्याचा भाग असतो. तेथे चेहऱ्यावर हसू ओढून आणल्यास व्यक्तीच हरवते. अशा चित्राच्या वर्णनात ताठ कणा, मांडीवर ठेवलेले जड हात आणि सरळ रोखलेली नजर यांचीच नोंद करणे योग्य ठरते.