शेगावला पहिल्यांदा जाताय? रांगेत लागण्याआधी हे वाचा

बीबी : गावाकडून गजानन महाराजांच्या दर्शनाला पहिल्यांदाच निघालेल्यांची अडचण होते ती रांग निवडताना. शेगावात दोन रांगा असतात. समाधी दर्शनाच्या रांगेतून श्रीराम मंदिराखालच्या भुयारात पायऱ्या उतरून जावं लागतं. मुखदर्शन लांबून होतं, पण लवकर होतं. सोबत गुडघे दुखणारी आजी असेल तर गुरुवार, रविवार, एकादशीला तिला मुखदर्शनालाच न्यावं. बारीत मधे शिरल्यावर मागे फिरणं अवघड जातं.

कपडे साधे, अंगभर असावेत. पायऱ्यांवर पायात येईल असा लांब पदर खोचून घ्यावा. चपला स्टँडवर ठेवून टोकन जपावं.

नारळ, हार बाहेरून घेण्याआधी आत चालतात का, हे सेवाधाऱ्यांना विचारावं. पैसे कुणाच्या हातात देऊ नयेत. दानपेटीत टाकावेत, नाहीतर देणगी काउंटरवर देऊन पावती घ्यावी.

मोबाईल रांगेत लागण्याआधीच बंद करावा, आत फोटो काढू देत नाहीत. समाधीपुढे नमस्कार करून लगेच पुढे सरकावं. बसून नामस्मरण करायचं तर पारायणाच्या जागी बसावं, तिथे मात्र बोलू नये.