पाळी चुकली, टेस्ट निगेटिव्ह आली. आता पुढे काय?

पाळी चुकली की मेडिकलमधून किट आणायचं किंवा आशाताईंकडून ‘निश्चय’ किट घ्यायचं, हे आता बहुतेक घरांत माहीत आहे. प्रश्न पडतो तो एकच रेघ आल्यावर. गर्भ नाही, मग पाळी का येत नाही?

आधी दिवसांचा हिशोब

पाळीची तारीख बीज कधी सुटतं यावर ठरते. बीज सुटल्यानंतर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. ताण, आजारपण किंवा प्रवासामुळे बीज उशिरा सुटलं, तर पाळीही तितकीच पुढे जाते.

समजा, मुरूडच्या एका विवाहित बहिणीची पाळी १ एप्रिलला आली. एरवी ती २८-३० दिवसांनी येते. नवरा आखातातून सुट्टीवर आलेला. १० एप्रिलच्या सुमारास सासूबाई आजारी पडल्या, अलिबागच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या, जेवण-झोप बिघडली. १४-१५ तारखेला सुटायचं बीज २८ एप्रिलला सुटलं. ५ मे रोजी तिने टेस्ट केली, निगेटिव्ह. पण तेव्हा बीज सुटून ७ दिवसच झाले होते. गर्भ राहिला असता तरी लघवीत त्याचं हार्मोन दिसायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून १२ मेच्या सुमारास, सकाळच्या पहिल्या लघवीवर, पुन्हा टेस्ट करायला हवी. गर्भ नसेल तर पाळीही त्याच सुमारास येईल.

थोडक्यात, पहिल्या निगेटिव्हनंतर एक आठवडा थांबून दुसरी टेस्ट करा. किटची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहा.

रमजान, उमराह किंवा हजसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या बंद केल्यावर बहुधा दोन-चार दिवसांत पाळी येते. आठवडाभरात नाही आली तर टेस्ट करून डॉक्टरांना दाखवा.

ताण, वजन आणि थायरॉईड

दुसरी टेस्टही निगेटिव्ह असेल तर कारण शोधायचं. पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो. मोठा ताण असला किंवा शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं, की मेंदू तो हुकूम थांबवतो. लग्नाआधी डाएट करून ५२ किलोंवरून ४४ वर आलेल्या मुलीची पाळी बंद होते ती यामुळेच. उलट, वजन भराभर वाढलं तर हार्मोन्सचा तोल बिघडून बीज सुटत नाही. सोबत हनुवटीवर जाड केस आणि पुरळ असतील तर पीसीओएसची तपासणी लागते.

थायरॉईड कमी झाला तर थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, वजन वाढणं दिसतं. वाढला तर धडधड, हात थरथरणं, घाम, खाऊनही वजन घटणं. दोन्हींत पाळी बिघडते. गळा सुजलेला नाही म्हणजे थायरॉईड नाही, असं समजू नका. टीएसएच या रक्ततपासणीतून ते कळतं.

आपल्याकडे “टेन्शनमुळे झालं असेल” असं म्हणून विषय संपवतात. ताण हे कारण खरं आहे, पण बाकीची कारणं तपासून बाजूला काढल्यावरच ते धरायचं.

कधी दाखवायचं?

*त्याच दिवशी, रात्र असली तरी:* ओटीपोटात, खास करून एका बाजूला, जोराचं दुखणं. चक्कर येऊन पडणं. खांद्याच्या टोकाला दुखणं किंवा दुखण्यासोबत रक्तस्राव. गर्भ नळीत राहिला असू शकतो. घरची टेस्ट निगेटिव्ह असली तरी थांबू नका.

*काही दिवसांत:* बाळ अंगावर पीत नसताना स्तनांतून दूध येणं, सतत डोकेदुखी व नजर अंधुक होणं, थायरॉईडची वरची लक्षणं, किंवा चाळिशीच्या आत अंगातून गरम वाफा येणं.

*बाकी काही त्रास नसेल तर:* नियमित पाळी असलेल्यांनी सलग ३ महिने, आणि आधीपासूनच अनियमित असलेल्यांनी ६ महिने पाळी न आल्यास दाखवावं. मुलगी १५ वर्षांची होऊनही पहिली पाळी आली नसेल तरीही दाखवावं.

तपासणीत काय होतं?

पुन्हा गर्भाची टेस्ट, मग टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि गरजेप्रमाणे इतर हार्मोन्स व सोनोग्राफी. अविवाहित मुलींना नेताना घरचे कचरतात. त्यांची सोनोग्राफी लघवी भरलेली ठेवून पोटावरूनच करता येते. आतून तपासायची गरज सहसा पडत नाही. लेडी डॉक्टर हव्या असतील तर तसं आधीच सांगा.

जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, वजनातला फरक आणि चालू गोळ्यांची नावं कागदावर लिहून न्या. मानसिक आजाराच्या आणि उलटीच्या काही गोळ्यांनीही पाळी थांबते. पण त्या स्वतःहून बंद करू नका, आणि डॉक्टरांना न विचारता पाळी आणायच्या गोळ्याही घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव होईल, पण मूळ कारण तसंच राहील.