लोह गोळीतून की शिरेतून?

मोकळे लोह रक्तात विषारी ठरते; म्हणून शिरेतून लोह देण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसले. १९४७ मध्ये निसिम यांनी साखरेशी बांधलेले लोह वापरले आणि वाट सापडली. तरी सलाइन लावल्यावर ॲलर्जीसाठी लक्ष ठेवावेच लागते. मग गोळ्याच का नकोत?

आपण हिशेब करू. ३४ आठवड्यांची गर्भवती, वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ६.५, हवे ११. गॅन्झोनींच्या सूत्राने ५० × ४.५ × २.४ = ५४०, साठ्यासाठी आणखी ५००, म्हणजे १०४० मिलिग्रॅम. गोळ्यांतून रोज २० मिलिग्रॅम शोषले गेले (हा अंदाज उदारच!) तरी ५२ दिवस लागतील. प्रसूतीला उरले ४२. इथे डॉक्टर सलाइन निवडतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात सौम्य पंडुरोग आढळला, तर गोळ्या पुरतात. हिमोग्लोबिन ५ च्याही खाली असेल, तर मात्र रक्तच द्यावे लागते.