सिनियर मॅनेजरच्या मुलाखतीत 'एक अवघड निर्णय सांगा' म्हटलं तर काय सांगायचं?

बजेट, माणसं आणि धोरण यांसाठी तीन वेगळे किस्से पाठ करण्यापेक्षा तिन्हींना हात घालणारा एकच निर्णय नीट सांगितलेला बरा. समजा, तुम्ही कॉल सेंटरची रात्रपाळी बंद केलीत. 'खर्च वाचवला' एवढ्यावर थांबू नका. रात्री फोन किती कमी यायचे, वर्षाला १८ लाख कशातून वाचले, ते पैसे कुठल्या कामाकडे वळवले आणि का, हे सांगा. १२ जणांपैकी ९ दिवसपाळीत आले, तिघांनी नोकरी सोडली, हेही सांगा. ते तिघे लपवू नका, पुढचा प्रश्न बहुतेक त्यांच्यावरच येतो. आणि सारखं 'आम्ही ठरवलं' म्हणालात, तर समोरून विचारतील, "त्यात तुम्ही काय ठरवलंत?"