वस्ती नसलेल्या मुलखाची पाटी

संगणकाच्या टर्मिनलवर पुढची आज्ञा दिली की इंटरनेटच्या मूळ नोंदवहीतला एक छोटासा उतारा समोर येतो.

```
whois -h whois.iana.org io
```

`.io` ही शेपटी कोणाच्या हवाली आहे, ते त्यात लिहिलेले असते. व्यवस्थापक म्हणून इंटरनेट कॉम्प्युटर ब्युरो या ब्रिटिश कंपनीचे नाव आहे. नोंदणीची तारीख 16 सप्टेंबर 1997. पत्ता आहे हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाचा, तोही तिथल्या एका टेलिफोन कंपनीच्या मार्फत. सॉफ्टवेअरच्या धंद्यात `.io` चा अर्थ ‘इनपुट-आउटपुट’ असा घेतला जातो आणि जगभरच्या स्टार्टअप कंपन्यांनी ही शेपटी त्याच अर्थाने उचलली. मुळात ती ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश नावाच्या मुलखाला दिलेली होती. शेपटी आणि मुलूख यांच्यातला धागा कुठे कुठे तुटत गेला, ते उपलब्ध कागदांवरून तारीखवार लावता येते.

सुरुवात इंटरनेटच्या आधीची आहे. 8 नोव्हेंबर 1965 रोजी लंडनहून निघालेल्या एका आदेशाने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडण्यात आली. सेशेल्सकडची काही बेटे जोडून या साऱ्याचा एक नवा प्रदेश कागदावर उभा राहिला. (सेशेल्सची बेटे 1976 मध्ये परत गेली.) 30 डिसेंबर 1966 रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात संरक्षणासाठी ही बेटे वापरण्याविषयीच्या पत्रांची देवाणघेवाण झाली. त्याच वर्षीची परराष्ट्र खात्यातली टिपणे पुढे न्यायालयासमोर आली. बेटांवर समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी उरू नयेत, असा त्यांचा आशय होता. 1968 ते 1973 या काळात नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या दीड-दोन हजार माणसांना मॉरिशस आणि सेशेल्सला हलवण्यात आले. परवान्याशिवाय बेटांवर राहण्यास मनाई करणारा वटहुकूम 1971 चा आहे.

यानंतर, 1974 साली, देशांच्या नावांच्या दोन अक्षरी संक्षेपांची आंतरराष्ट्रीय यादी, ISO 3166, प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात या प्रदेशाला IO ही अक्षरे मिळाली. ही यादी कारकुनी सोयीसाठी होती. मुलूख स्वतंत्र आहे का, तिथे कोणी राहते का, हे ती पाहत नव्हती. वेगळा प्रदेश म्हणून नाव होते, एवढे पुरेसे होते.

पुढे हीच यादी इंटरनेटने उचलली. मार्च 1994 मध्ये जॉन पोस्टेल यांनी RFC 1591 हा दस्तऐवज काढला. देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवणे आपले काम नाही, म्हणून आपण ISO ची यादी प्रमाण मानतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याचबरोबर शेपटी मुलखाशी बांधणाऱ्या दोन अटीही आहेत. पहिली, व्यवस्थापक हा त्या देशाचा आणि जगभरच्या इंटरनेट समाजाचा विश्वस्त असेल. हक्क आणि मालकीची भाषा इथे गैरलागू आहे. दुसरी, निदान प्रशासकीय संपर्काची व्यक्ती त्या देशात राहणारी असावी.

`.io` च्या बाबतीत या अटींचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 1997 मध्ये त्या प्रदेशात होते ते लष्करी तळावरचे सैनिक, कंत्राटी कामगार आणि मूठभर ब्रिटिश अधिकारी. कायमचा रहिवासी म्हणावा असा कोणीच नव्हता. अशा जागी ‘तिथे राहणारी व्यक्ती’ आणायची कुठून? नोंदवहीतला मार्फतचा पत्ता हे त्याचे उत्तर दिसते. अट पत्त्यापुरती उरली आणि कारभार इंग्लंडमधून चालू राहिला.

नोंदणीचे नियम याहून बोलके आहेत. थेट `.io` खालचे नाव जगात कोणालाही घेता येते. मात्र `com.io` सारख्या उपविभागाखालचे नाव फक्त त्या प्रदेशाच्या रहिवाशांसाठी राखून ठेवले होते. म्हणजे जगासाठी दार सताड उघडे, आणि राखीव खोली अशा लोकांसाठी ज्यांना तिथे राहण्यास कायद्याने बंदी आहे. 1998 मध्ये या शेपटीखाली पहिले नाव नोंदवले गेले ते `levi.io`, अमेरिकेतल्या जीन्सच्या कंपनीचे.

विश्वस्तपणाची अटही अशीच झिजली. ब्रिटिश सरकारला या विक्रीतून काही मिळते का, असा प्रश्न संसदेत आला, तेव्हा 2014 च्या लेखी उत्तरात सरकारने सांगितले की कंपनीशी याबाबत कोणताही करार नाही आणि महसूलही मिळत नाही. तीन वर्षांनी, एप्रिल 2017 मध्ये, ही कंपनी अफिलियास या रजिस्ट्री कंपनीने सुमारे 7 कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे अफिलियासही दुसऱ्या कंपनीत गेली. इथे एक बारकावा आहे. विकले गेले ते कंपनीचे भागभांडवल, त्यामुळे मूळ नोंदवहीतले व्यवस्थापकाचे नाव बदलावे लागले नाही. नुसती नोंद वाचणाऱ्याला हा व्यवहार दिसतच नाही. तो कंपनीच्या हिशेबाच्या कागदांत शोधावा लागतो. ज्या गोष्टीबद्दल मालकीची भाषा नको असे 1994 मध्ये म्हटले होते, तिची किंमत तिथे डॉलरमध्ये लिहिलेली आहे.

शेवटची गाठ शोधयंत्राने सोडली. एरवी गूगल देशाच्या शेपटीवरून संकेतस्थळ कोणत्या देशातल्या वाचकांसाठी आहे याचा अंदाज बांधते. `.in` असेल तर भारत. पण काही शेपट्या ते `.com` सारख्या सर्वसाधारण समजते आणि तशी यादीच त्याने जाहीर केली आहे. तीत `.io` आहे, तुवालूची `.tv` आहे आणि अँग्विलाची `.ai` सुद्धा. या शेपट्या वापरणारे लोक त्या देशांकडे पाहत नाहीत, हे यंत्राने वापरावरून मान्य केले.

मग मुलखाचा संबंध संपला का? कागद तसे म्हणत नाहीत. 25 फेब्रुवारी 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लादर्शक मत दिले, की मॉरिशसचे विवसाहतीकरण कायदेशीररीत्या पुरे झाले नव्हते आणि ब्रिटनने बेटांवरचा कारभार लवकरात लवकर संपवावा. 22 मे 2025 रोजी सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या झाल्या. ब्रिटिश प्रदेशच उरला नाही, तर ISO च्या यादीतून IO वगळले जाऊ शकते. तसे झाल्यास काय करायचे याचा नियम सप्टेंबर 2022 मध्ये आयकॅन या इंटरनेटच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने मंजूर केला आहे: यादीतून अक्षरे गेली की शेपटी बंद करण्यासाठी पाच वर्षे, आणि मागितल्यास जास्तीत जास्त आणखी पाच.

पूर्वीचे दाखले दोन्ही बाजूंचे आहेत. युगोस्लाव्हियाची `.yu` 30 मार्च 2010 रोजी खरोखर बंद झाली. सोव्हिएत संघाची `.su` मात्र तो देश मोडून तीन दशके उलटली तरी चालू राहिली. पण ती या नियमाच्या आधीची ढिलाई होती.

म्हणून `.io` वर दुकान थाटलेल्या कंपनीने शेपटीत बेटांचा पत्ता शोधू नये, पण बेटांच्या बातमीकडे लक्ष ठेवावे. सह्यांची तारीख किंवा झेंडा उतरवण्याचा दिवस तिच्यासाठी मुदतीची सुरुवात ठरत नाही. मुदत सुरू होईल ती ISO च्या यादीतून दोन अक्षरे गळल्यावर. ही यादी तयार झाली तेव्हाही बेटांवर राहणाऱ्यांना तिच्यात जागा नव्हती, आणि तिच्यातून नाव काढतानाही त्यांना विचारण्याची तरतूद कुठल्याही कागदात नाही.